दरवेळी प्लॅन कॅन्सल करणाऱ्या मैत्रिणीला मेसेज कसा लिहायचा

प्रश्न: शाळेपासूनची मैत्रीण आहे. मी भुसावळला, ती लग्न होऊन जळगावला. गेल्या पाच महिन्यात चार वेळा भेटायचं ठरलं, चारही वेळा तिनेच कॅन्सल केलं. परवा रविवारी तर आमच्या शेतात भरीत पार्टी होती, सगळी तयारी झालेली, आणि सकाळी साडेनऊला मेसेज, "सॉरी गं, नाही जमत." मी हे टाईप करून ठेवलंय, पाठवलं नाहीये: "तुला यायचंच नसतं तर हो कशाला म्हणतेस? दरवेळी आयत्या वेळी तुझं काहीतरी निघतं. आम्ही काय रिकामे बसलोय का? यापुढे जमणार असेल तरच सांगत जा." मला तिच्याशी भांडायचं नाही, आणि रडगाणं गातेय असंही वाटायला नको. पण बोलायचं तर आहे. कसं लिहू?

उत्तर:

ताई, मेसेज अजून तुमच्याच फोनमध्ये आहे ना, मग काही बिघडलेलं नाही. मी जळगावात एकोणीस वर्षं समुपदेशनाचं काम करते. नवरा-बायको, सासू-सून, भावाभावांच्या वाटण्या असं सगळंच येतं, पण हल्ली माणसं खुर्चीत टेकली की आधी फोन पुढे करतात आणि म्हणतात, मॅडम हे वाचा, मी यात काय वाईट लिहिलं सांगा. त्यामुळे दुसऱ्यांचे मेसेज वाचणं हेही माझं रोजचंच काम होऊन बसलंय. तुमची चार वाक्यं आहेत, आधी तीच एकेक करून बघू, कारण नेमकं बोचतंय कुठे हे कळल्याशिवाय नुसतं "प्लीज" आणि "गं" घालून काही उपयोग होत नाही.

पहिलं वाक्य, "तुला यायचंच नसतं." हे तुम्हाला माहीत आहे का? नाही. तुम्हाला माहीत आहे ते एवढंच, की चार वेळा ठरलं, ती हो म्हणाली आणि ती आली नाही. तिच्या मनात यायचं होतं की नव्हतं हा तुमचा अंदाज आहे, आणि त्याला तुम्ही वरून "च" लावलाय. मराठीत हा एक अक्षराचा "च" खिळ्यासारखा बसतो. "यायचं नव्हतं" म्हटलं की ती निदान "होतं गं" म्हणू शकते, "यायचंच नव्हतं" म्हटलं की निकाल लागलेला असतो, तिने काही बोलायची जागाच उरत नाही. आणि समजा तिला खरंच यायचं होतं, सकाळी आंघोळ करून साडीसुद्धा काढून ठेवली होती आणि तेवढ्यात घरी नणंद आली, तर हे वाक्य वाचून तिला जे वाटेल त्यानंतर पुढचं ती काही धड वाचणारच नाही.

दुसऱ्या वाक्यात सगळ्यांचं लक्ष "दरवेळी" कडे जातं. ते काढाच, कारण ती लगेच म्हणेल, दिवाळीच्या फराळाला आले होते ना मी, आणि मग भांडण दिवाळीवर जाईल. पण माझ्या मते या पूर्ण मेसेजमधला सगळ्यात तिखट शब्द "काहीतरी" आहे. "तुझं काहीतरी निघतं" याचा अर्थ तू जी कारणं सांगतेस ती मला खरी वाटत नाहीत. तुम्ही तिला खोटारडी म्हणालात ताई, आणि मला खात्री आहे की टाईप करताना तुमच्या ते लक्षातसुद्धा आलं नसेल.

तिसरं, "आम्ही काय रिकामे बसलोय का". याला उत्तर काय द्यायचं माणसाने? हो बसलात, की नाही बसलात? ज्या प्रश्नाला उत्तर नाही तो प्रश्न नसतो, तो टोमणा असतो. शिवाय इथे "मी" चं "आम्ही" झालंय. दोन मैत्रिणींचं बोलणं चाललं होतं, अचानक तुमच्या मागे घरातले सगळे उभे राहिले आणि ती एकटी समोर उरली.

आणि शेवटचं "सांगत जा". हे रूप जरा नीट ऐकून बघा. "सांग" ही विनंती होऊ शकते, "सांगशील का" तर आहेच विनंती, पण "सांगत जा, विचारत जा, बघत जा" हे आपण लहान मुलांना नाहीतर नवीन कामवाल्याला म्हणतो. त्यात "तू आजवर हे करत नाहीस" हे न बोलता बोललं जातं. बरोबरीच्या मैत्रिणीला ते लागतं.

आता हे वाचून बहुतेक जण काय करतात तर मेसेज गोड करायला घेतात, आणि तिथे दुसरी चूक होते. माझ्याकडे येणारा गोड केलेला मेसेज साधारण असा असतो: "अगं राग नको मानूस हं, मी अजिबात चिडलेली नाहीये, मला समजतं तू खूप बिझी असतेस, पण ना खरं सांगू का थोडंसं वाईट वाटलं." हा मेसेज आधीच्यापेक्षा मऊ दिसतो, पण वाचणाऱ्याला जड जातो. "चिडलेली नाहीये" असं कोणी न विचारता सांगितलं की समोरच्याला चिडलेलीच दिसते. "तू खूप बिझी असतेस" हे कितीही मनापासून लिहा, कॅन्सल करणाऱ्या माणसाला ते टोमण्यासारखंच वाचता येतं. आणि "पण" आला की त्याच्या आधीचं सगळं पुसलं जातं, तिला फक्त "वाईट वाटलं" एवढं दिसतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. समुपदेशनात आम्हाला शिकवतात की "तू असं करतेस" म्हणू नका, "मला असं वाटतं" म्हणा. ही पद्धत थॉमस गॉर्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात मांडली, आणि समोरासमोर बसून बोलताना ती खूप उपयोगी पडते, मी स्वतः रोज वापरते. पण मेसेजमध्ये, आणि तेही दोन मैत्रिणींच्यात, "मला वाईट वाटलं" हे वाक्य एकटं गेलं की त्यावर तिला दोनच गोष्टी करता येतात, माफी मागणं किंवा सफाई देणं. चेहरा दिसत नाही, हात हातात घेता येत नाही. तुम्हाला दुखावलेलं दिसायचं नाहीये म्हणता, तर मग हे वाक्य तुमच्या मेसेजमध्ये नको. ते भेटल्यावर सांगायचं असेल तर जरूर सांगा.

तिसरा प्रकार म्हणजे कोरडा. "ठीक आहे. तुला वेळ मिळाला की कळव." यात एकही वाईट शब्द नाही, तरी यात रुसवा भरलेला आहे हे कुणीही सांगेल. रोज "ठीके गं" लिहिणारी बाई "ठीक आहे" असं पूर्ण लिहून पुढे पूर्णविराम देते तेव्हा समोरच्याला कळतं काय झालंय ते. तसंच "असू दे", "राहू दे", "बघ तुला जमलं तर", "मी काय, जाईन एकटी". हे सगळे माघार घेतल्याचे शब्द आहेत. माघार घेतली की दुखावल्याचं कळतं, शब्दात नाही लिहिलं तरी कळतं.

मग लिहायचं काय. तुमच्या मेसेजमध्ये तीन गोष्टी एकात एक मिसळल्यात: काय घडलं, तिच्या मनात काय असेल याचा अंदाज, आणि पुढे तुम्हाला काय हवंय. मधली गोष्ट काढून टाकायची, बाकी दोन ठेवायच्या. मेसेज मऊ करायचा म्हणजे माझ्या लेखी एवढंच. काय घडलं ते गिळायचं नाही, नाहीतर मेसेजला अर्थच राहत नाही, आणि पाचव्या वेळी तुम्ही याच्यापेक्षा जास्त तिखट लिहाल.

घडलेलं सांगायला मराठीने आपल्याला फार चांगली सोय दिलीय, तिचा उपयोग करा. "तू कॅन्सल केलंस" यात करणारी ती आहे. पण "आपला प्लॅन राहून गेला", "भेट हुकली", "जमलं नाही" यात कुणीच काही केलेलं नाही, गोष्ट आपोआप घडलीय. खोटं काहीच नाही, भेट झाली नाही हे तर खरंच आहे, फक्त बोट कुणाकडे नाही. आपण एरवी घरात हेच करतो, हातातून कप पडला तर "कप फुटला" म्हणतो, "मी कप फोडला" कोण म्हणतं. तीच सवलत तिला द्या. मात्र एकदाच. राहून गेलं, हुकलं, परत राहिलं असं तीन वेळा आलं की बोट न दाखवताही यादी वाचल्यासारखं होतं.

पुढचं मागणं लिहायच्या आधी ती असं का करते याचा थोडा विचार करू, म्हणजे तिच्या मनाचा अंदाज बांधायला नाही, तर मागणं कशाचं करायचं ते ठरवायला. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धतच नाही. कुणी प्रेमाने शेतात भरीत खायला बोलावलं, बामणोदची वांगी आणलीयेत, कपाशीच्या काट्यांवर भाजणार आहोत, लाकडी बडगीत ठेचणार आहोत असं सांगितलं, तर त्याला "बघते गं, घरी विचारावं लागेल, बहुतेक नाही जमणार" असं कोण म्हणेल? हो च म्हणतात. "नाही" तिथे बोललं जात नाही, ते पुढे ढकललं जातं, आणि ढकलत ढकलत शेवटी रविवारी सकाळी साडेनऊला येतं, जेव्हा पुढे ढकलायला जागाच उरत नाही. मधल्या आठ दिवसात ती रोज विचार करत असणार की आता कसं सांगू. माझ्याकडे आलेल्या जेवढ्या कॅन्सल करणाऱ्या बाया मी पाहिल्या त्यातल्या बऱ्याच जणींचं दुखणं हे होतं, की त्यांना नाही म्हणणं अवघड जात होतं, येणं नाही. त्यामुळे तिच्याकडून "नक्की ये" हे मागू नका. लवकर "नाही" म्हणणं तिला सोपं करून द्या. चार वेळा हातचा वेळ गेला हे तुमचं खरं नुकसान आहे ना, ते यानेच थांबेल.

आता मेसेज. मी असा लिहिला असता:

"काय वं, कशी आहेस? रविवारी तुझ्या वाटणीचं भरीत पण मीच खाल्लं. या हिवाळ्यात आपले तीन-चार प्लॅन राहून गेले, आता रविवार सोडून बघू. बुधवारी किंवा गुरुवारी साडेपाचला मी जळगावला येते, मेहरूण तलावावर तासभर बसू, तुला कुठला वार बरा पडेल? आणि नाहीच जमत असलं तर आदल्या रात्री नऊपर्यंत नुसतं 'नाही' टाक, कारण सांगू नको, मला फक्त गाडीचं बघायला बरं पडतं."

पहिल्यांदा माझ्याकडून "राहूनच गेले" असं लिहिलं गेलं होतं, परत वाचताना तो "च" काढला. बाकी काय का ठेवलंय तेही सांगते. भरिताचं वाक्य आधी यासाठी, की रविवारचा विषय टाळलेला नाही हे तिला कळावं, पण त्यात तक्रार नाही, तिच्यावाचून पार्टी बिघडली असंही नाही. हसरा चेहरा टाकायचा असेल तर इथे टाका. प्लॅन राहून गेले त्याच्यापुढे टाकू नका, तक्रारीच्या मागे हसरा चेहरा आला की तो टोमण्याचा होतो. "तीन-चार" लिहिलंय, "चार" नाही, कारण नेमका आकडा लिहिला की मोजून ठेवल्यासारखं वाटतं, आणि मोजून ठेवलंय हे तिला कळायची काय गरज आहे.

"रविवार सोडून बघू" यात मी कुठेही म्हटलं नाही की तुला रविवारी सासरी अडचण असते, असेल किंवा नसेल, पण तिला वाट मिळते. भेट छोटी केलीय, तासाभराची, आणि तिच्या गावात. दिवसभराच्या कार्यक्रमाला घरातून परवानगी, मुलांची सोय, येण्याजाण्याचं साधन सगळं लागतं, तासभर तलावावर जायला फारसं काही लागत नाही. भुसावळहून गाडीने अर्ध्या तासात तुम्ही येता, तेवढं अंतर या वेळेला तुम्ही तोडा. आणि प्रश्न एकच ठेवलाय, दोन वारातला कुठला. "तू कशी आहेस, काय झालं होतं, सगळं ठीक ना, कधी भेटायचं" असे चार प्रश्न एका मेसेजमध्ये गेले की माणूस सोप्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि अवघड सोडून देतो, "मी मजेत गं, तू?" असं येतं आणि भेटीचं तसंच राहतं.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटचं वाक्य आहे. "नऊपर्यंत" ही वेळ दिलीय, कारण "आधी सांग" म्हटलं तर तिच्या लेखी सकाळी साडेनऊसुद्धा आधीच असतं. वेळेच्या मागे तुमचं साधं कारण जोडलंय, गाडी बघायची, म्हणजे ती अट नाही वाटत. आणि "कारण सांगू नको" हे मुद्दाम. कारण मागितलं की माणूस कारण तयार करतो, ते तयार करण्यात उशीर होतो आणि उशीर म्हणजे परत आयत्या वेळेचं कॅन्सल. नुसतं "नाही" चालतंय म्हटल्यावर तिला रात्री साडेआठला दोन अक्षरं टाईप करणं जमतं.

भाषेचं एक. तुम्ही दोघी एरवी कशा बोलता ते मला माहीत नाही, पण खानदेशातल्या शाळेतल्या मैत्रिणी म्हणजे बऱ्याचदा आपल्या बोलीतच बोलतात. तसं असेल तर मेसेजही तसाच पाहिजे, "कशी शे वं, कवय भेटसूत" असा. रोज अहिराणीत नाहीतर लेवा बोलीत बोलणारी मैत्रीण अचानक "कृपया आधी कळवत जा, माझी एवढीच अपेक्षा आहे" असं लिहायला लागली की ती ग्रामपंचायतीची नोटीस वाटते. शब्द कितीही सभ्य असले तरी भाषा बदलली यातूनच दुरावा कळतो. उलट बाजूही आहे, तुमच्यात तसं बोलणं नसेल तर मुद्दाम आणू नका, ते ओढूनताणून वाटतं, माझं "काय वं" पण काढून टाका.

आता पाठवायचं कधी. रविवारच्या तिच्या "सॉरी गं" वर तुम्ही काही उत्तर दिलंय की नाही ते लिहिलं नाहीत. दिलं नसेल तर आधी एवढंच टाका, "ठीके गं, काळजी नको." आणि थांबा. कॅन्सलच्या मेसेजवर लगेच, त्याच्याच खाली, लांबलचक लिहिलं की ते कितीही गोड असो, ती ते शिक्षा म्हणून वाचते. वरचा मेसेज दोनेक दिवसांनी, दिवसा, स्वतंत्र पाठवा, आणि तिचा जुना मेसेज रिप्लायमध्ये जोडू नका, म्हणजे रविवारची सकाळ परत तिच्या डोळ्यासमोर येणार नाही. रात्री अकरानंतर नको, रात्री सगळेच मेसेज जास्त लागतात. शाळेच्या ग्रुपवर तर अजिबात नको, गमतीत पण नको, "आमच्या मॅडम कॅन्सल स्पेशालिस्ट" वगैरे. चार जण हसतात, ती पण हसण्याचा इमोजी टाकते, आणि मग सहा महिने ग्रुपवर बोलत नाही, हे मी पाहिलंय.

लिहायचं पण तिच्या चॅटमध्ये बसून लिहू नका. तिने चॅट उघडलेलं असलं तर तिकडे दहा मिनिटं "टायपिंग" दिसतं, मग बंद होतं, परत दिसतं, आणि शेवटी काहीच येत नाही, तेवढ्याने ती घाबरते. नोट्समध्ये लिहा नाहीतर स्वतःलाच पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यावर पंधरा मिनिटांपर्यंत एडिट करता येतं हे खरं, पण तिथे एडिट केल्याची खूण राहते, आणि डिलीट केलं तर मेसेज डिलीट केला असं तिला दिसतंच. मग आधी काय लिहिलं होतं यावर तिची अख्खी रात्र जाते.

पाठवण्याआधी एक परीक्षा घ्या, ही मी सगळ्यांना करायला लावते. मेसेज मोठ्याने वाचा, पण तुमच्या आवाजात नाही. घरातली जी कोणी टोमणे मारण्यात पटाईत असेल ना, तिच्या आवाजात वाचा. आपण लिहितो तेव्हा आपल्या डोक्यात आपलाच प्रेमाचा आवाज वाजत असतो आणि आपल्याला वाटतं तो समोरही ऐकू जाणार. जस्टिन क्रुगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये यावर प्रयोग छापले होते. लोकांना ईमेलमधून काही वाक्यं मनापासून आणि काही उपरोधाने लिहायला सांगितली. लिहिणाऱ्यांना वाटलं की समोरच्याला शंभरातली 78 वाक्यं तरी बरोबर कळतील, प्रत्यक्षात कळली 56, म्हणजे छापा-काटा करण्यापेक्षा जरासं बरं. त्यामुळे टोमण्याच्या आवाजात वाचताना जे वाक्य लगेच टोमणा होईल ते बदला. वर दिलेल्या मेसेजमध्ये "तुझ्या वाटणीचं भरीत पण मीच खाल्लं" हे वाक्य या परीक्षेत थोडं डगमगतं, तुमच्या दोघींत चेष्टामस्करी चालत असेल तर ठेवा, नसेल तर "रविवारी भरीत मस्त झालं होतं, तुझी आठवण निघाली" एवढं करा. पण "सगळे तुझी वाट बघत होते" असं लिहू नका, तिथे परत ओझं आलं.

उत्तर काय येतं त्यावरून मेसेज कसा पोचला ते कळतं. "गुरुवार चालेल" किंवा "या आठवड्यात नाही गं, पुढच्या बुधवारी ये" असं आलं तर छान पोचला, यात "नाही" असलं तरी पोचला, कारण दुसरा वार तिने स्वतः दिलाय. "सॉरी सॉरी सॉरी, अगं काय सांगू त्या दिवशी ना" असा मोठा परिच्छेद आला तर तिला आरोप ऐकू गेलाय. घाबरू नका, त्या परिच्छेदाला उत्तर देत बसू नका, "अगं ते सोड, बुधवार का गुरुवार?" एवढंच लिहा. आणि "बघू", "नक्की भेटू गं", "लवकरच" असं आलं तर ते नाही आहे. आपल्याकडचं "बघू" म्हणजे नाहीच, आणि ज्या "नक्की" ला वार आणि वेळ नाही तेही नाहीच. अशा वेळी "बरं, तुला सोयीचं असेल तेव्हा तूच वार सांग, मी येते" असं लिहून चेंडू तिच्याकडे द्या आणि मग खरंच सोडून द्या, आठवण करत बसू नका.

धुळ्याच्या एका मुलाचं उदाहरण सांगते, ओळख कळणार नाही एवढंच सांगते. हॉस्टेलचे चार मित्र, त्यातला एक दरवेळी आदल्या दिवशी गळायचा. याने लिहिलं, "भो तुला आमच्यात यायचं नसेल तर स्पष्ट सांग, आम्हाला पण काही हौस नाही." तो मित्र बोलायचाच बंद झाला. हा मुलगा माझ्याकडे वेगळ्याच कामासाठी येत होता, बोलता बोलता हे निघालं. आम्ही मिळून नवीन मेसेज लिहिला, त्यात कारण विचारलंच नाही, फक्त प्लॅन बदलला: "भो, हॉटेलचं राहू दे, शनिवारी संध्याकाळी माझ्या रूमवर ये, घरून शेव आलीय, शेवभाजी करू." तो आला. जेवताना त्यानेच सांगितलं की दरवेळची पाचशे रुपयांची वर्गणी त्याला झेपत नव्हती, वडिलांचं कापसाचं पेमेंट अडकलं होतं, आणि चौघात ते सांगायची लाज वाटायची. हो म्हणताना त्याला वाटायचं तोवर पैसे येतील. आता बघा, पहिल्या मेसेजमधलं "तुला आमच्यात यायचं नसेल" हे त्या पोराला कसं लागलं असेल. सगळीकडे पैसाच असतो असं नाही, कुठे घरची परवानगी असते, कुठे तब्येत, कुठे मनच लागत नसतं. शेवटचं असेल आणि ती फोनही उचलत नसेल, सगळ्यांनाच टाळत असेल, तर हा प्लॅनचा विषय बाजूला ठेवा आणि नुसतं घरी जाऊन या.

याला मर्यादा आहे हेही सांगते. हा मेसेज एकदाच चालतो. यानंतरही बुधवार ठरला आणि बुधवारी पाचला "सॉरी" आलं, तर परत याहून मऊ मेसेज शोधत बसू नका, त्यापुढे लिहून काही होत नाही. मग फोन करा, आवाजात विचारा, "भेटायचं ठरवणं तुला अवघड जातंय का गं, आपण नुसतं फोनवर बोलत जाऊ का?" हे मनापासून विचारा, कारण काही मैत्रिणी फोनवरच टिकतात आणि चांगल्या टिकतात. आणि तोपर्यंत तिच्या भरवशावर काही उभं करू नका, म्हणजे तिकिटं काढणं, सुट्टी टाकणं, तिच्यासाठी वेगळं वांगं भाजणं. तिला बोलवा, पण ती आली नाही तरी तुमचा कार्यक्रम होईल असाच ठरवा. तुमचा राग निम्मा तिथूनच येतोय, तयारी वाया गेल्याचा.

मेसेज गेल्यावर दोन दिवस काहीच आलं नाही, निळ्या खुणा आल्या तरी काही आलं नाही, तर "?" टाकू नका, "वाचलंस ना" पण नको. बुधवार निघून जाऊ दे. मग शुक्रवारी वगैरे तुमच्या शेतातला केळीच्या घडाचा नाहीतर पोराचा एखादा फोटो टाका, भेटीचं काही न लिहिता. आणि ती आलीच मेहरूणला, तर डब्यात भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या घेऊन जा, आणि त्या हुकलेल्या चार भेटींचा विषय तिने काढल्याशिवाय तुम्ही काढू नका.